तळमजल्यावरील सदनिकेसाठी वैद्यकीय शिफारसपत्र

डॉ. शैला देशमाने, एम.बी.बी.एस.
बिबवेवाडी, पुणे
दिनांक : 18 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. उपायुक्त,
समाज विकास विभाग,
पुणे महानगरपालिका

विषय : श्रीमती सुरेखा दत्तात्रय कांबळे (वय 43) यांना चौथ्या मजल्याऐवजी तळमजल्यावर सदनिका मिळण्याबाबत.

संदर्भ : श्रीमती कांबळे यांचा दि. 4 ऑगस्ट 2025 रोजीचा अर्ज.

महोदय,

श्रीमती कांबळे गेली चौदा वर्षे माझ्या रुग्ण आहेत. वरील अर्जासोबत वैद्यकीय कागद जोडलेले आहेत, पण त्यांत जिना दिसत नाही, म्हणून हे पत्र स्वतंत्रपणे लिहीत आहे. आजाराची माहिती त्यांच्या लेखी संमतीने देत आहे.

2021च्या सुरुवातीला त्यांची पाठ दुखू लागली. तेव्हा त्या सहा घरची धुणीभांडी करत. वाकून काम करणाऱ्या बाईची पाठ दुखणारच, असे समजून मीही पहिले तीन आठवडे वेदनाशामक गोळ्याच दिल्या. जूनमध्ये पाय लटपटायला लागले आणि एमआरआयमध्ये पाठीच्या आठव्या व नवव्या मणक्याचा क्षयरोग निघाला. पू साचून मज्जारज्जूवर दाब आला होता. जुलै 2021मध्ये शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर अठरा महिने टीबीची औषधे झाली. जानेवारी 2023मध्ये औषधे बंद केली. क्षयरोग बरा झाला आहे. त्यांच्यापासून कोणालाही संसर्ग होण्याचा धोका नाही. इमारतीतले लोक मला हे अजून अधूनमधून विचारतात, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

मज्जारज्जूची इजा मात्र पूर्ण भरून आली नाही. दोन्ही पायांत थोडी हालचाल आहे, परंतु पाय अंथरुणावरून उचलता येत नाही. स्नायू ताठरतात, झटके येतात. कमरेखाली स्पर्श आणि वेदना फारशी कळत नाही. लघवीवर ताबा नाही, त्यामुळे दिवसातून पाच वेळा त्या स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करतात. शासकीय रुग्णालयाने त्यांना 80 टक्के कायमस्वरूपी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र दिले आहे. यूडीआयडी कार्डही आहे. यापुढे चालता येईल अशी आशा मी त्यांना दाखवलेली नाही.

मात्र त्यांचे दोन्ही हात उत्तम आहेत. लाकडी फळीवरून सरकत त्या पलंगावरून चाकाच्या खुर्चीत एकट्या बसतात. सपाट जमिनीवर खुर्ची स्वतः ढकलतात. गेल्या वर्षी पुनर्वसन केंद्रात महिनाभर होत्या, तेव्हा मी भेटायला गेले तर बाई आवारातल्या नळावर स्वतःचे कपडे धूत होत्या. म्हणजे सपाट जागी त्या जवळपास स्वावलंबी आहेत. चौथ्या मजल्यावर आणले की त्याच बाई पूर्णपणे दुसऱ्याच्या खांद्यावर अवलंबून राहतात.

ही सदनिका त्यांना 2016मध्ये सोडतीत मिळाली. तेव्हा त्या धडधाकट होत्या, त्यामुळे मजल्याबद्दल तक्रार करण्याचा प्रश्नच नव्हता. इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची आहे, लिफ्ट नाही. मी घरी तपासायला जाते, त्यामुळे जिना मला पाठ आहे: एकूण 72 पायऱ्या, प्रत्येक मजल्यावर मध्ये एक वळण, आणि वळणावरची जागा जेमतेम 90 सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीसकट माणूस उचलून तिथे वळवता येत नाही. म्हणून त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून ओढणीने बांधतात आणि दोघे पुढून, दोघे मागून धरतात. पाठीला आधार नाही, पाय लोंबकळत असतात, झटका आला की सगळ्यांचाच तोल जातो. चार माणसे दुपारनंतरच मिळतात; सकाळी सगळे कामावर.

घरात पती, दहावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा आहे. पती श्री. दत्तात्रय मार्केट यार्डात हमाली करतात. पहाटे साडेतीनला निघतात, दुपारी दोनच्या सुमारास परततात. गेल्या वर्षी त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. दिवसभर पोती उचलणाऱ्या माणसाला घरी आल्यावर बायकोला उचलू नका, असे मीच सांगितले आहे. ते ऐकत नाहीत, हेही मला ठाऊक आहे.

12 जुलै रोजी पावसात जिना ओला होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पुढच्या माणसाचा पाय घसरला आणि सुरेखाताई खुर्चीसह कलंडल्या. दुखले नाही, म्हणून सगळ्यांना हायसे वाटले. दोन दिवसांनी मुलीला आईचा उजवा गुडघा सुजून गरम झालेला दिसला. एक्स-रेमध्ये मांडीचे हाड गुडघ्याच्या वर मोडलेले निघाले. लुळ्या पायांची हाडे वापराअभावी ठिसूळ होतात आणि संवेदना नसल्याने मोडल्याचे कळतही नाही. कोणत्याही उतरणीत हे पुन्हा होऊ शकते. त्या दिवशी डोके आपटले नाही, एवढेच नशीब.

तेव्हापासून त्या फक्त दोनदा खाली उतरल्या आहेत, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. फिजिओथेरपीच्या गेल्या वर्षभरातल्या 26 भेटींपैकी नऊच झाल्या. उपचारात खंड पडला की स्नायूंचा ताठरपणा वाढतो, तो वाढला की उचलणे आणखी अवघड होते, मग पुढची भेटही चुकते. माकडहाडावरची जखम मे महिन्यात भरत आली होती, ती पुन्हा उघडली आहे. याला एक कारण जिना आणि दुसरे पाणी. कोणाला त्रास नको म्हणून त्या पाणी कमी पितात. परिणामी वर्षभरात तीन वेळा लघवीचा जंतुसंसर्ग झाला, एकदा तापाने रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या रात्री खाली उतरवायला चाळीस मिनिटे लागली. रुग्णवाहिका दारात उभी होती.

घरातल्या शौचालयाचे दार 60 सेंटिमीटरचे आहे आणि त्यांची खुर्ची 64. त्यामुळे पलंगाशेजारी भांड्याची खुर्ची ठेवली आहे आणि ते भांडे शाळेला जाण्यापूर्वी मुलगी रिकामे करते. याबद्दल त्या दोघींपैकी कोणीच माझ्याशी बोललेले नाही. मी पाहिले म्हणून लिहिले.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 आपल्या विभागाला मी सांगायला नको. तरी प्रस्तावावर टिपणी लिहिताना उपयोग व्हावा म्हणून दोन कलमांचा उल्लेख करते. कलम 37 नुसार संबंधित गृहनिर्माण योजनांमध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य द्यायचे आहे. लक्षणीय म्हणजे 40 टक्के किंवा अधिक. यांचे 80 आहे. कलम 3 नुसार दिव्यांगांना वाजवी सोय मिळेल यासाठी शासनाने पावले उचलायची आहेत. चालू शकत नाही अशा व्यक्तीला 72 पायऱ्यांवरून जमिनीवर आणणे ही माझ्या मते वाजवी सोयच आहे.

तळमजल्यावरची सर्व घरे सोडतीत गेलेली आहेत, याची मला कल्पना आहे. परंतु रिकाम्या घराची वाट पाहण्याची गरज नसावी. याच इमारतीतल्या तळमजल्यावरचे एक कुटुंब अदलाबदलीस तयार आहे. घरात डास आणि ड्रेनेजचा वास येतो म्हणून त्यांना वरच हवे आहे. दोन्ही सदनिका एकाच मापाच्या आहेत. त्यांचे संमतीपत्र सोबत आहे. परवानगीशिवाय आपसात घर बदलले तर वाटप अडचणीत येईल, या भीतीने दोन्ही कुटुंबे थांबली आहेत. डास आणि वासाचे मी सुरेखाताईंना स्पष्ट सांगितले. पायाला डास चावलेला तुम्हाला कळणार नाही, मच्छरदाणी लागेल, असेही म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, "चावू द्या, निदान दारात तरी बसता येईल."

केवळ मजला बदलून काम भागणार नाही. इमारतीच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत, मिळून 30 सेंटिमीटर उंचीच्या. एकास बारा या उताराने तिथे 3.6 मीटर लांबीचा रॅम्प लागेल. जिन्याच्या बाजूला तेवढी मोकळी जागा आहे, मी पावलांनी मोजून पाहिली. शौचालयाचे दार 90 सेंटिमीटर करावे, ते बाहेर उघडावे आणि कमोडशेजारी भिंतीला पकडायचा दांडा बसवावा. खर्चासाठी आपल्याकडील एखादी योजना लागू होत असेल तर ती सुचवावी. नसेल, तर दार आणि दांड्याचे काम पतीचे सहकारी हमाल वर्गणी काढून करायला तयार आहेत. रॅम्प सामाईक जागेत असल्याने तो मात्र महापालिकेनेच करावा लागेल.

लिफ्ट असलेल्या दुसऱ्या इमारतीत वरच्या मजल्याचा पर्याय आपल्याकडून सुचवला जाऊ शकतो. माझा सल्ला तळमजल्याचाच राहील. वीज गेली किंवा लिफ्ट बंद पडली की पुन्हा तीच प्लॅस्टिकची खुर्ची. शिवाय दूर गेल्यास पतीला पहाटे कामावर पोचणे अवघड होईल आणि मुलीचे दहावीचे वर्ष मध्येच अडेल. आज दुपारी हाकेला येणारे शेजारीही या इमारतीतच आहेत.

मांडीचे प्लॅस्टर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात काढायचे आहे. त्यासाठी त्यांना उतरवावेच लागेल. परत त्याच 72 पायऱ्या चढवून न्यावे लागू नये, म्हणून त्यापूर्वी निदान तात्पुरत्या अदलाबदलीची परवानगी द्यावी, ही विनंती. अंतिम आदेशाला वेळ लागला तरी चालेल. आपल्या प्रतिनिधीने घरी येऊन पाहणी करायची असल्यास मी सोबत येईन. दुपारी एक ते चार मी मोकळी असते. पाहणी करणाऱ्यांनी एकदा शौचालयाचे दार आणि जिन्याचे वळण टेपने मोजावे.

सोबत : दिव्यांगत्व प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्डाची प्रत, शस्त्रक्रियेचा सारांश, 14 जुलैचा एक्स-रे अहवाल, फिजिओथेरपीच्या उपस्थितीची नोंद, तळमजल्यावरील कुटुंबाचे संमतीपत्र, श्रीमती कांबळे यांची माहिती देण्याबाबतची संमती.

आपली विश्वासू,

(सही व शिक्का)
डॉ. शैला देशमाने

प्रत माहितीस्तव : मालमत्ता व्यवस्थापन विभाग, पुणे महानगरपालिका, श्रीमती सुरेखा कांबळे.