विषय: जूनचं डीलर पत्र – हायपो 'पाणी' का निघतो, गोणीतला कॉस्टिक आणि पालखीच्या दिवसांतली गाडी

नमस्कार मंडळी,

रेट-लिस्ट सोबत जोडली आहे. ज्यांना तेवढीच हवी आहे त्यांनी ती उघडावी. बाकीचं पत्र चहासोबत वाचलं तरी चालेल. मे महिन्यात गोदामात जे फोन आले, त्यात 'रेट कमी करा'पेक्षा 'माल बरोबर नाही' म्हणणारे जास्त होते. त्यातलेही बहुतेक एकाच मालाबद्दल होते, सोडियम हायपोक्लोराइट. त्यामुळे या वेळी त्याच्यावरच जास्त लिहितो.

हायपोची तक्रार आली तर आधी काय बघायचं

भोसरीच्या एका डीलरबंधूंकडे सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाचं काम आहे. तिथल्या पंपवाल्याने फोन करून सांगितलं, 'तुमचा हायपो म्हणजे नुसतं पाणी आहे, दुप्पट टाकतोय तरी क्लोरीन दिसत नाही.' आमचा माणूस जाऊन आला. पांढरे कारबॉय गच्चीवर, टाकीच्या सावलीत ठेवलेले होते. मात्र ती सावली दुपारी दोन वाजताच सरकते. पुढे संध्याकाळपर्यंत कारबॉय उन्हात.

हायपो ठेवल्या ठेवल्या मरतो. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की तो विघटन होण्याचा वेग तीन-साडेतीन पट होतो, आणि ऊन थेट पडलं तर आणखी वेगाने. आपण पाठवताना १२ टक्क्यांचा असलेला माल मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तीन-चार आठवडे पडला, तर गिऱ्हाईक जे म्हणतं ते खरंच असतं. लोखंड, तांबं, निकेल यांचा अंश शिरला तर तो आणखी लवकर उतरतो. म्हणून पितळी नळ किंवा गंजलेला कॅन हायपोला कधीच नको.

वादात न पडता दहा मिनिटांत ताकद मोजता येते. ज्यांच्याकडे ब्युरेट आहे त्यांनी हे लिहून ठेवा. हायपो १० मिली घ्या, शुद्ध पाण्याने २५० मिली करा. त्यातले १० मिली फ्लास्कमध्ये घ्या, त्यात चमचाभर पोटॅशियम आयोडाइड आणि थोडं ॲसेटिक ॲसिड घाला. रंग तपकिरी होईल. आता ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा, रंग फिका पिवळा झाला की स्टार्चचे दोन-चार थेंब टाका, आणि निळा रंग गेला तिथे थांबा. ब्युरेटवरचे मिली गुणिले ०.८८६ म्हणजे क्लोरीनचे ग्रॅम प्रति १०० मिली. साडेतेरा मिली लागले तर माल १२चा आहे. नऊच लागले तर तो ८च्या आसपास उतरलाय. ब्युरेट नाही त्यांनी कारबॉयवर आल्याची तारीख मार्करने लिहायला सुरुवात करा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

साठवणुकीत एक युक्ती फारसं कोणी वापरत नाही. हायपो पातळ केला की जास्त दिवस टिकतो. ताकद निम्मी केली तर विघटनाचा वेग चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो. उन्हाळ्यात ज्या पार्टीला थोडा थोडा माल लागतो, तिला आल्याबरोबर निम्म्या पाण्याने करून घ्यायला सांगा, आणि डोसिंग पंपाचा स्ट्रोक दुप्पट करायला सांगा. पाणी आरओचं किंवा सॉफ्टनरचं हवं. बोअरच्या कडक पाण्याने साका पडतो आणि पंपाचा व्हॉल्व्ह अडकतो. कॅप पूर्ण घट्ट लावू नका, त्यातून ऑक्सिजन सुटत असतो. फुगलेला कारबॉय उघडताना तोंड दुसरीकडे ठेवा.

डोसचा हिशोब तर सोपाच आहे. १०,००० लिटरच्या टाकीत लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन हवा असेल तर २० ग्रॅम लागतो. १० टक्क्यांच्या हायपोने २०० मिली, तो ६ टक्क्यांवर उतरला असेल तर साधारण ३३३ मिली. पंपवाल्याला ही चिठ्ठी टाकीवर चिकटवून दिलीत तर तो पुढच्या वेळी तुमच्याकडेच येणार.

आणि हे जोरात सांगून ठेवा: हायपोच्या शेजारी ॲसिड ठेवायचं नाही. गळती एकाच चरात गेली की तिथे क्लोरीन वायू निघतो, आणि बंद गोदामात तो जीवावर बेततो. हायड्रोक्लोरिकचे कॅन दुसऱ्या भिंतीला, वेगळ्या ट्रेमध्ये. जागा कमी आहे म्हणून सांगणाऱ्यांनी आधी एकाच चराचे दोन चर करून घ्यावेत.

पावसात कॉस्टिकची गोणी

पहिला पाऊस पडला की उघड्या गोणीतली फ्लेक्स दोन दिवसांत चिकट होतात. कॉस्टिक हवेतलं पाणीही ओढतं आणि कार्बन डायऑक्साइडही. दुसऱ्याचं रूपांतर सोडियम कार्बोनेटमध्ये होतं, म्हणजे धुण्याचा सोडा. गोणी वजनाला ५० ऐवजी ५१ किलो भरली म्हणून खूश होऊ नका. जास्तीचा किलो पाण्याचा आहे आणि ९८ टक्के आता राहिलेले नाहीत. गोणी फोडली की आतली पॉलिथिन पिशवी पिळून बांधा, राहिलेला माल लगेच झाकणाच्या ड्रममध्ये टाका. पॅलेट जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून हातभर लांब. आतल्या सीलबंद पिशवीतल्या गोळ्याला घाबरायचं कारण नाही, थप्पीच्या वजनानेही गोळा होतो. फोडून विरघळतो.

विरघळवताना कॉस्टिक पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. थोडं थोडं, हलवत. उष्णता एवढी होते की एकदम टाकलं तर उकळून अंगावर येतं. आणि जर्मनच्या भांड्यात कधीच नको. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. जस्ताच्या बादलीचंही तेच. प्लॅस्टिकचं घमेलं, किंवा लोखंडी टाकी. डोळ्यांना गॉगल आणि रबरी हातमोजे. डोळ्यात गेलं तर लगेच वाहत्या पाण्याने किमान १५-२० मिनिटं, मग डॉक्टर. लिंबू-व्हिनेगरचे उपाय करत बसायचं नाही.

लिक्विड लाय घेणाऱ्यांनो, सध्या काळजी नाही, पण डिसेंबरात लक्षात ठेवा: ५० टक्क्यांची लाय १२ अंशांच्या आसपास जमायला लागते, आणि पुण्यात थंडीत पहाटे पारा त्याच्या खाली सहज जातो. टाकीची बाहेरची पाइपलाइन आधी अडकते.

ॲसिडवाल्यांसाठी दोन ओळी

९८ टक्के सल्फ्युरिक माइल्ड स्टीलच्या टाकीत चालतं. त्यात पाणी शिरलं की तेच ॲसिड टाकी खायला लागतं. म्हणून पावसाआधी टाकीच्या श्वासनळीवरची सिलिका जेल बदला, झाकणाचा गॅस्केट बघा. रिकामा लोखंडी ड्रम पाण्याने धुऊन भंगारवाल्याला दिला आणि त्याने त्यावर कटर चालवला, तर आत साठलेल्या हायड्रोजनचा स्फोट होतो. ड्रम आम्हालाच परत करा, वाहतूक आमची.

काउंटरवर किरकोळ ॲसिड विकणाऱ्यांना आठवण: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या आदेशानुसार खरेदीदाराचं फोटो ओळखपत्र, पत्ता आणि वापराचं कारण नोंदवहीत लागतं, आणि १८ वर्षांखालच्याला विकायचं नाही. आपला माणूस ओळखीचा आहे म्हणून नोंद सोडू नका.

गढूळ पाणी: तुरटी की पॅक?

जुलैपासून टँकरवाल्यांचे आणि एसटीपीवाल्यांचे फोन सुरू होतील. गिऱ्हाईक विचारतं 'किती टाकू?' आणि आपण अंदाजाने सांगतो. त्यापेक्षा जार टेस्ट दाखवा, सामान शंभर-दोनशे रुपयांत होतं. १० ग्रॅम तुरटी किंवा पॅक पावडर १ लिटर पाण्यात विरघळवा. याचं १ मिली, १ लिटर गढूळ पाण्यात घातलं की झाला १० मिलिग्रॅम प्रति लिटर डोस. पाच बाटल्यांत १, २, ३, ४, ५ मिली घाला, मिनिटभर जोरात हलवा, मग पंधरा मिनिटं हळू, आणि अर्धा तास ठेवा. जी बाटली सर्वांत कमी डोसमध्ये स्वच्छ दिसते ती आपली. ३ मिलीची चांगली निघाली तर ५०,००० लिटरच्या टाकीला दीड किलो.

तुरटी स्वस्त आहे, पण ती पाण्याची अल्कलिनिटी खाते. पावसाचं पाणी मुळातच त्यात कमजोर असतं, म्हणून पीएच घसरतो आणि तुरटी काम सोडते. तिथे चुना थोडा घालावा लागतो किंवा पॅक वापरावं. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात लहान गिऱ्हाइकाला पॅकच द्या. किलोला महाग पडलं तरी त्याचा पुढचा फोन वाचतो.

रेट का हलतोय

पार्टी विचारते, 'हायड्रोक्लोरिक स्वस्त आणि कॉस्टिक महाग, असं कसं?' मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की दोन्ही एकदम निघतात, एक टन क्लोरीनमागे साधारण सव्वाअकराशे किलो कॉस्टिक. क्लोरीन साठवून ठेवता येत नाही. तो उचलला गेला नाही तर प्लांट धीमा होतो आणि कॉस्टिकही कमी येतं. म्हणून क्लोरीनला मागणी नसताना हायपो-हायड्रोक्लोरिक उतरतं आणि कॉस्टिक चढतं. विजेचे दर आणि परदेशी मालही आपापला वाटा उचलतात, पण आपल्या भागात रोजची चढउतार बहुतेक इथूनच येते. गिऱ्हाइकाला 'वरून रेट वाढला' म्हणण्याऐवजी हे सांगा, तो कमी घासाघीस करतो.

पालखीच्या दिवसांतल्या गाड्या

दोन्ही पालख्या पुण्यातून निघाल्या की सासवड रस्ता, दिवे घाट आणि सोलापूर रस्त्यावर वाहतूक बंद किंवा वळवलेली असते. जेजुरी, कुरकुंभ, दौंडकडची ऑर्डर आपल्याकडे पालखी पुण्यात यायच्या निदान चार दिवस आधी पोचायला हवी. घातक माल घेऊन गर्दीत अडकलेली गाडी आम्हालाही नको आणि पोलिसांनाही. त्या आठवड्यात चाकण, तळेगाव, रांजणगावच्या गाड्या नेहमीप्रमाणे धावतील.

महाराष्ट्रात एका खेपेचा माल एक लाखाच्या वर गेला की ई-वे बिल लागतं. ड्रायव्हरसोबत ट्रेम कार्ड आणि गाडीवर यूएन क्रमांकाचं पॅनेल असल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही. तुम्ही स्वतःची गाडी पाठवणार असाल तर हे आधी बघून घ्या, गेटवर दोन तास घालवण्यात अर्थ नाही. हायपोचा क्रमांक १७९१, सल्फ्युरिकचा १८३०, लिक्विड लायचा १८२४.

जुलैच्या पत्रात हायड्रोजन पेरॉक्साइड घेणार आहे. त्यावर तुमचे प्रश्न २० तारखेपर्यंत याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवा, फोटो असेल तर उत्तम. आणि टायट्रेशन स्वतःच्या हाताने करून बघायचं असेल त्यांनी दुसऱ्या शनिवारी सकाळी अकराला गोदामात यावं, थायोसल्फेट आणि आयोडाइड आमच्याकडून. दहा जणांपुरती जागा आहे, आधी कळवा.

आपला,
विक्री विभाग, भोसरी गोदाम, पुणे