न उघडलेला डबा

(रविवारची दुपार, डोंबिवलीचे घर. आई आतल्या खोलीत पडली आहे. ठाण्याहून माहेरी आलेली बहीण आणि धाकटा भाऊ गॅलरीत बसले आहेत.)

बहीण: आपल्या हाताची चव गेली असे आई धरून बसली आहे, कारण गेल्या महिनाभरात तुझा डबा आठवड्यातून दोन-तीनदा जसाच्या तसा परत आला. मला हा चवीचा प्रश्न वाटत नाही. तू दुपारी कोणाबरोबर जेवतोस?

भाऊ: सांगतो, ताई, पण आईच्या कानावर एवढ्यात घालू नकोस. आमच्या विमा कंपनीच्या दावे विभागात नागपूरहून बदली होऊन आलेली एक सहकारी आहे. ती पेइंग गेस्ट म्हणून राहते, तिला डबा करता येत नाही, आणि एक वाजत आला की ती माझ्या टेबलापाशी येऊन जेवायला चल म्हणते. सुरुवातीला मी त्याचा विचारच केला नाही. आता मात्र हे इतक्या वेळा घडले आहे की यात काही अर्थ आहे की मीच तो शोधतो आहे, हे मला ठरवता येत नाही.

बहीण: नव्या शहरात एकटे जेवायचा कंटाळा येतो, एवढाही अर्थ असू शकेल. ती इतर कोणाला विचारते का?

भाऊ: पहिल्या आठवड्यात सगळ्यांना विचारायची. पण बाकीच्या बायका आपापले डबे घेऊन एकत्र बसतात आणि पुरुष मंडळी फोर्टातल्या खाऊगल्लीत उभ्याउभ्या उरकतात. हळूहळू मी एकटाच उरलो.

बहीण: म्हणजे तिने तुला निवडले असे नाही, तू शिल्लक राहिलास. पैसे कोण देते?

भाऊ: निम्मे-निम्मे. बोरीबंदरासमोरच्या पंचम पुरीवाल्याकडे गेलो तरी ती तिचा वाटा बसल्या जागी यूपीआयने पाठवते. एकदाच, पगार झाला त्या दिवशी, तिच्या आग्रहाने बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात बेरी पुलाव खायला गेलो, तेव्हा सगळे बिल तिने दिले.

बहीण: त्या एका बिलावर मी काही ठरवणार नाही. परगावी नोकरी करणाऱ्या मुलीला कोणाच्या उपकारात राहायचे नसते, आणि पगाराच्या दिवशी माणूस उदार होतोच. जेवताना बोलणे कशावर होते?

भाऊ: बहुतेक अभ्यासावर. ती विम्याच्या लायसेन्शिएट परीक्षेला बसली होती आणि मी ती आधीच उत्तीर्ण झालो असल्यामुळे तिला अडलेले विचारायची.

बहीण: मग तुला फुकटचा शिकवणीवाला केले आहे, एवढे सरळ उत्तर समोर असताना तू गुंतागुंत कशाला करतोस?

भाऊ: मलाही आधी तसेच वाटले होते. पण परीक्षा संपून तीन आठवडे झाले, आणि मंगळवारी तिचा उपवास असूनही ती मला जेवायला घेऊन गेली. मी थाळी घेतली, तिने फक्त लिंबू सरबत घेतले.

बहीण: थांब. उपवास आहे, स्वतःला काही खायचे नाही, परीक्षाही संपली, आणि तरी ती तू जेवेपर्यंत समोर बसून राहिली? अरे, ब्रिटानियाच्या बिलापेक्षा हे सरबत महत्त्वाचे आहे, आणि तू ते शेवटी सांगतोस!

भाऊ: म्हणजे तुझ्या मते नक्की काहीतरी आहे?

बहीण: तिला तुझी सोबत हवी असते, एवढे मी आता म्हणेन. ती सोबत मैत्रीची की त्याहून पुढची, हे सरबतावरून मला सांगता येणार नाही, आणि तू ऑफिसात तसे गृहीत धरून वागलास तर तिला रोज त्याच मजल्यावर तोंड चुकवत काम करावे लागेल. आजवर प्रत्येक वेळी तिनेच विचारले ना? तू एकदा तरी विचारलेस का?

भाऊ: नाही. माझ्याजवळ डबा असतो, म्हणून मी कसे विचारणार?

बहीण: हे कारण आईला सांग, मला नको. जेवणाची सुट्टी दोघांनाही आयतीच मिळते, त्यामुळे त्या सुट्टीवरून काहीच ठरत नाही. येत्या शनिवारी तुम्हाला सुट्टी आहे, तेव्हा दादरला जेवायला येशील का, असे तू तिला साध्या शब्दांत विचार. ऑफिस बंद असताना ती मुद्दाम गाडी पकडून आली, तर पुढचे तुम्ही दोघे बघाल. नाही म्हणाली किंवा उत्तर टाळले, तर सोमवारी नेहमीसारखा जेवायला जा आणि तो विषय पुन्हा काढू नकोस.

भाऊ: आणि तोवर डब्याचे काय करू?

बहीण: उद्या भरली वांगी आहेत. डबा तिच्यापुढे उघड आणि दोघे मिळून रिकामा करून आण, म्हणजे आईचा जीव तरी थाऱ्यावर येईल. मंगळवारी मात्र नेऊ नकोस.