तासगाव येथील नियोजित बेदाणा शीतगृह : एनपीव्हीबाबत आपल्या आक्षेपास उत्तर

आदरणीय आप्पासाहेब यांस,
सविनय नमस्कार.

"दहा वर्षांचा अंदाज म्हणजे दहा वर्षांची थाप", असे आपण मंगळवारच्या बैठकीत म्हणालात. पहिल्या अहवालात मी 50 लाख रुपये एनपीव्ही, म्हणजे दहा वर्षांच्या मिळकतीच्या आजच्या किमतीतून गुंतवणूक वजा जाता उरणारी रक्कम, हा एकच आकडा दिला होता आणि तो जणू ठरलेलाच आहे अशा थाटात दिला होता, ही माझी चूक मी मान्य करतो. मात्र अंदाज टाळता येतो हे मला पटत नाही. "सव्वापाच वर्षांत पैसे वसूल झाले पाहिजेत", हा आपला हिशेबही दरवर्षी 1 कोटी 15 लाख रुपये हाती येतील हे गृहीत धरूनच उभा आहे, आणि त्यात पाचव्या वर्षीच्या रुपयाची किंमत आजच्या रुपयाइतकीच धरली आहे.

म्हणून दोन दिवस दिवाणजींच्या खोलीत बसून मी आपल्या जुन्या शीतगृहाच्या आवक-जावक वह्या पाहिल्या. अवकाळी पावसाने द्राक्षे गेली त्या वर्षीच्या पानांवर तीन चेंबरपुढे एकही नोंद नाही. त्या वर्षी सरासरी भरणा 60 टक्के होता आणि चांगल्या वर्षी 85. पुढच्या हिशेबातील 60 ते 85 टक्के भरण्याचा पल्ला मी या वह्यांवरूनच घेतला आहे.

6 कोटींची गुंतवणूक, 5,000 टनांची क्षमता, टनामागे वर्षाला 4,000 रुपये भाडे, 35 लाख वार्षिक खर्च आणि पुढचे रुपये आजच्या किमतीत आणण्यासाठी वर्षाला 12 टक्के दर धरल्यास, दहाही वर्षे भरणा 60 टक्केच राहिला तर एनपीव्ही उणे 1 कोटी 20 लाख येते. 75 टक्क्यांना ती अधिक 50 लाख आणि 85 टक्क्यांना अधिक 1 कोटी 63 लाख होते. दहा वर्षांनंतर यंत्रसामग्रीची किंमत मी शून्य धरली आहे. नफा-तोट्याची सीमा सुमारे 71 टक्क्यांवर, म्हणजे साधारण 3,550 टनांवर आहे, आणि मागील सहांपैकी दोन वर्षे भरणा त्याखाली होता. ही जोखीम खरी आहे. ती मला लपवायची नाही.

आपल्याला सर्वांत जास्त धास्ती विजेच्या दराची आहे. वार्षिक 20 लाखांचे बिल 20 टक्क्यांनी वाढले तर एनपीव्ही सुमारे 23 लाखांनी घटते. भरणा 75 वरून 65 टक्क्यांवर आला तर 1 कोटी 13 लाखांनी. एका आकड्यातून हे कधीच दिसले नसते. आपण वीज-बचतीच्या कॉम्प्रेसरवर तीन बैठका घालवल्या, पण माल कोण ठेवणार यावर अर्धा तासही बोललो नाही, याची मला खंत वाटते.

त्यामुळे माझी विनंती अशी, की यंत्रसामग्रीची ऑर्डर तूर्त थांबवावी आणि येत्या हंगामाआधी बागायतदार व व्यापाऱ्यांकडून किमान 3,000 टनांचे तीन वर्षांचे आगाऊ करार, अनामत रकमेसह, मिळवण्याची परवानगी द्यावी. तेवढे करार झाले तर भरणा 60 टक्क्यांखाली जाण्याची भीती पहिली तीन वर्षे तरी राहणार नाही. न झाल्यास प्रकल्प पुढे ढकलण्याची शिफारस मी स्वतः करीन. वह्यांतील नोंदींचा तक्ता सोबत जोडला आहे.

आपला विश्वासू,
प्रकल्प व्यवस्थापक