चौघांत वाटून घेतलेली ‘बनगरवाडी’

नमस्कार. विभागप्रमुख सर, मॅडम आणि वर्गातले सगळे मित्रमैत्रिणी. तृतीय वर्ष कला, मराठी विशेष, गट क्रमांक तीन. प्रतीक, रुकैया, संदीप आणि मी ऋतुजा, आम्ही चौघं आज व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर बोलणार आहोत.

आधी हे पुस्तक बघा. आपल्या ग्रंथालयातली प्रत आहे. पाठ दोनदा चिकटवलेली, कोपरे मऊ पडलेले. महिनाभर आम्ही चौघांनी हीच एक प्रत आळीपाळीनं वाचली. शेकू धनगराकडं औताला दुसरा बैल नसतो आणि त्याची बायको स्वतः जुवाला खांदा लावते, तो प्रसंग ज्या पानावर आहे, तिथं समासात कुणीतरी शिसपेन्सिलीनं दोनच शब्द लिहिलेत : ‘आमची म्हातारी’. कधी लिहिलं, कुणी लिहिलं, माहीत नाही. आपल्यासारखंच कुणीतरी इथं सांगलीला शिकायला आलेलं असणार, आटपाडीकडचं, जतकडचं, नाहीतर पलीकडं माण-खटावचं. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे मला कळतं. पण हे दोन शब्द कुणी खोडू नयेत असं मला मनापासून वाटतं, कारण सादरीकरणाची तयारी आम्ही तिथूनच सुरू केली.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. पुस्तक आलं 1955 साली. काळ संस्थानी राज्याचा, मुलूख औंध संस्थानातला. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा कोवळा पोरगा मास्तर म्हणून धनगरांच्या एका छोट्या वाडीवर नेमला जातो. शाळा आहे, पण पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागं. हळूहळू पोरं येतात, मोठी माणसंही येऊन बसायला लागतात. मास्तर वाडीचा होतो. मग पाऊस दडी मारतो. गोष्ट म्हणून सांगायची तर एवढीच.

आणि इथंच आमची पहिली अडचण झाली. कादंबरीवर बोलायचं म्हणजे नायक कोण, खलनायक कोण, संघर्ष कुठला, असं आपण शोधत जातो. पहिल्या बैठकीत आम्हीही वहीत तसे रकाने पाडले होते. एकही भरेना. मास्तर सगळं सांगतो, पण तो नायक नाही. दादू बालट्या वाकड्यात शिरतो, कुरापती काढतो, पण त्याला खलनायक म्हणायला जीभ धजत नाही. असा एकजण प्रत्येक गावात असतोच आणि गाव त्याला धरूनच चालतं. शेवटी संदीप म्हणाला, आपण माणसं मोजतोय, पण गोष्ट वाडीची आहे. वाडीला विचारू या. मग आम्ही एकच प्रश्न धरला : गाव कशावर उभं असतं? चार उत्तरं निघाली आणि तीच चौघांनी वाटून घेतली. वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नाही. ज्याला जे बोचलं, ते त्यानं घेतलं.

पहिलं उत्तर प्रतीकचं. गाव परक्याला आत घेण्यावर उभं असतं. मास्तर येतो तेव्हा त्याचं वय बघून हा मास्तर असेल यावर कुणाचा विश्वास बसत नाही. बसावा तरी कसा? पण थोड्याच दिवसांत त्याच्याकडं कामं येऊन पडायला लागतात. कुणाचं पत्र, कुणाचा अर्ज, तालुक्याला गेलाच आहेस तर एवढं कर. राणीचा छाप असलेले जुने चांदीचे रुपये मोडून आणायला त्याच्या हवाली होतात. लिहितावाचता येणारा एकच माणूस जिथं असतो, तिथं त्याच्यावर केवढा भार पडतो हे प्रतीक दाखवील. आपल्यापैकी बरेचजण घरातले पहिलेच पदवीपर्यंत आलेले आहेत. बँकेचा फॉर्म भरायला शेजारच्या काकू आपल्यालाच हाक मारतात. तेव्हा हा भाग ऐकताना मास्तर फार लांबचा वाटणार नाही.

रुकैयाकडं माणसं आहेत. हा सगळ्यांत मोठा भाग, म्हणून तिला पंधरा मिनिटं, बाकीच्यांना दहा-दहा. कारभारी, त्याची मुलगी अंजी, आनंदा रामोशी, आयबू, शेकू आणि त्याची बायको. तिचं म्हणणं असं, की माडगूळकर माणसाचा न्याय करत नाहीत. आनंदा रामोशाचा हात दुसऱ्याच्या रानात वळतो, पण पुस्तक त्याला चोर म्हणून एका बाजूला उभं करत नाही. वाडीत त्याला जी जागा आहे, तीच जागा पानावर आहे. अंजीच्या चोळीच्या प्रसंगावर रुकैया थांबून बोलणार आहे. अंजी मास्तरला तालुक्याहून चोळी शिवून आणायला सांगते, तो सरळ मनानं आणतो, गावात कुजबुज होते आणि बापासारखी माया करणारा कारभारी एकदम गार पडतो. या प्रसंगावरून आमच्यात दोन दिवस वाद झाला. प्रतीकच्या मते कारभाऱ्यानं मास्तरवर अन्याय केला. रुकैयाचं म्हणणं वेगळं : मास्तरला निदान राग कळला, बोलायला जागा मिळाली, अंजीला कुणी काय विचारलं? वाद मिटलेला नाही. तो तुमच्यासमोर तसाच ठेवू.

तालमीचा विषय संदीपचा. तो स्वतः कुस्ती खेळलाय, त्यामुळं हा भाग दुसऱ्या कुणी मागितलाच नाही. मास्तरच्या डोक्यात येतं, की वाडीत एक तालीम असावी. मग माणसं राबतात, भिंती चढतात, आणि उद्घाटनाला खुद्द औंधचे राजे येतात. हा राजा नुसता कल्पनेतला वाटू नये म्हणून संदीप थोडा इतिहास सांगेल. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते, स्वतः चित्रकार होते. 1939 साली त्यांनी संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. त्यांचं संग्रहालय आजही औंधला यमाईच्या डोंगरावर आहे. मागच्या वर्षी आपली सहल गेली होतीच. असा राजा एका आडवाडीत तालमीसाठी येतो, याचा वाडीला काय अर्थ होता? संदीपचा मुद्दा राजाच्याही पलीकडचा आहे. अख्खी वाडी मिळून एवढी एकच गोष्ट उभी करते, आणि तिच्यात घुमणारी माणसं पुढं तिथं राहतच नाहीत. तालमीची माती तशीच राहते.

तिथून माझा भाग सुरू होतो. दुष्काळ.

यावर मी आत्ताच थोडं जास्त बोलते, कारण नंतर बोलताना माझा आवाज राहील की नाही सांगता येत नाही. मी आटपाडी तालुक्यातली. माडगूळ त्याच तालुक्यातलं. आता आमच्या भागात टेंभू योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा आहेत, लोक म्हणतात आता कसला दुष्काळ. पण माझी आजी अजून एक शब्द वापरते : ‘जगायला जाणं’. कोण कुठं गेलं, तर ‘जगायला गेल्यात’. ‘कामाला गेल्यात’ असं ती कधीच म्हणत नाही. लहानपणी मला तो शब्द चुकीचा वाटायचा. माणूस घरी असला तर जगत नसतो का? बनगरवाडीची शेवटची प्रकरणं वाचली आणि शब्द कळला. पाऊस नाही, चारा नाही, मेंढरं हटली, मग एकेक बिऱ्हाड उठतं. कुणी कुणाला फार काही सांगत नाही. मागं राहतात बंद दारं आणि शाळा. पोरंच नाहीत तर शाळा कुणाची आणि मास्तर कुणाचा?

आजीला मी ती पानं वाचून दाखवली. तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, ‘कुत्री न्हेली का गं त्यांनी?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी परत पानं चाळत बसले. तिच्या आठवणीत मागं राहिलेली कुत्री आहेत, रात्री ओरडणारी. दुष्काळावर आपण अर्थशास्त्राच्या तासाला पुष्कळ आकडे लिहिलेत. हा प्रश्न मी कुठल्या तासाला ऐकला नव्हता. माझ्या भागात मी एवढंच बघणार आहे, की माडगूळकर दुष्काळ मोठ्या शब्दांत न सांगता अशा लहान लहान गोष्टींतून कसा आणतात. एक राहिलंच, कारभारी तोपर्यंत गेलेला असतो. गाव रिकामं होताना बघायला तो उरत नाही. याला दैव म्हणायचं की लेखकाची दया, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

भाषेसाठी वेगळा वक्ता ठेवलेला नाही. निवेदन साध्या प्रमाण मराठीत, लहान लहान वाक्यांत, आणि माणसं बोलतात ती माणदेशी. ती चारही भागांत येणारच. संवाद आम्ही जसे आहेत तसे वाचणार आहोत. त्यावर कुणी हसू नये अशी विनंती आधीच करून ठेवते. वर्गात अर्धे लोक घरी तसंच बोलतात, फक्त इथं आल्यावर बदलतो.

दोन गोष्टी सोयीच्या. प्रश्न शेवटी घेऊ, मधे कागदावर लिहून ठेवा. आणि शेवट आम्ही लपवणार नाही. ज्यांना आधी स्वतः वाचायचंय त्यांनी माझ्या भागाच्या वेळी खुशाल बाहेर जावं, सरांची परवानगी घेतलेली आहे. पुस्तक लहान आहे, दोन रात्रींत होतं. ही प्रत आज संध्याकाळी परत जमा करणार आहोत, पुढचा नंबर कुणाचा ते ग्रंथालयात सांगून ठेवा.

प्रतीक, ये. पहाटेचा अंधार आहे, मास्तर एकटाच पायवाटेनं निघालाय आणि वाडी अजून दिसत नाही. तिथून सुरू कर.