नोंदणीकृत मोबाइल नंबर बदलण्याबाबत अर्ज

दिनांक : १२ जून २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
कोपरखैरणे शाखा, नवी मुंबई

विषय : जुने सिम कायमचे हरवल्यामुळे बचत खात्याशी जोडलेला मोबाइल नंबर बदलून मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या शाखेत माझे बचत खाते आहे (खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक ४४१७). पूर्वी हे पगाराचे खाते होते. त्याला जोडलेला, ६०३८ या अंकांनी संपणारा मोबाइल नंबर आता माझ्याकडे नाही आणि परत मिळण्याची शक्यताही नाही.

दिनांक २७ मे रोजी संध्याकाळी ठाण्याहून लोकलने येताना घणसोलीच्या आसपास पर्समधून फोन चोरीला गेला. वाशी लोहमार्ग पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे आणि हँडसेटही सीईआयआर पोर्टलवरून ब्लॉक करून घेतला आहे. एरवी असे झाले की माणूस गॅलरीत जाऊन त्याच नंबरचे दुसरे सिम घेतो. मला ते मिळू शकत नाही, कारण हा नंबर महापे येथील माझ्या पूर्वीच्या कंपनीच्या नावावर होता. पगाराची खाती उघडताना कंपनीने सगळ्यांच्या फॉर्मवर कंपनीचेच नंबर भरले होते. ती कंपनी मार्चअखेर बंद झाली. मोबाइल कंपनीला दुसऱ्या सिमसाठी अधिकृत सही करणाऱ्याचे पत्र हवे आहे, आणि तसे पत्र देणारे तिथे आता कोणी उरलेले नाही. माझ्या सांगण्यावरून त्यांनी सिम बंद केले आहे, एवढेच.

माझ्या दोन विनंत्या आहेत. कृपया त्या वेगवेगळ्या धराव्यात.

पहिली आणि तातडीची : जुना नंबर आजच खात्यावरून काढावा. बंद पडलेला नंबर मोबाइल कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते. तसे झाले तर माझे ओटीपी आणि शिल्लक रकमेचे मेसेज त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातील. मिस्ड कॉल देऊन शिल्लक कळण्याची सोय तर नंबर पाहूनच चालते, कॉल कोण करते आहे हे तिला कळत नाही. त्यामुळे नव्या नंबरच्या पडताळणीला चार दिवस लागणार असतील तर लागोत, पण तोवर जुना नंबर खात्यावर ठेवू नये. त्या नंबरवर चालणारे यूपीआय आणि मोबाइल बँकिंगही बंद करावे.

मात्र संपूर्ण खाते गोठवू नये. दर महिन्याच्या ५ तारखेला घरकर्जाचा हप्ता आणि त्यानंतर विम्याचा हप्ता याच खात्यातून आपोआप वळता होतो. हप्ता चुकला तर दंड मला भरावा लागेल. डेबिट कार्ड माझ्याजवळ आहे. एटीएममधून पैसे काढण्याची सोयही चालू राहावी.

दुसरी : माझ्या स्वतःच्या नावावर घेतलेला, २२५९ या अंकांनी संपणारा नंबर खात्यावर नोंदवावा. पूर्ण नंबर सोबतच्या बँकेच्या फॉर्मवर लिहिला आहे. हे पत्र आवक-जावकमधून बऱ्याच हातांत जाईल, म्हणून नंबर आणि खाते क्रमांक येथे पूर्ण लिहिलेले नाहीत. ओटीपी, व्यवहारांचे मेसेज, नेट बँकिंग आणि माझ्या मुदत ठेवीची नोंद, सगळीकडे हाच नंबर लागेल असे पाहावे. ठेवीच्या नोंदीत जुना नंबर तसाच राहून जाऊ नये.

नेट बँकिंगमधून हा बदल मी करू शकत नाही, कारण तिथला ओटीपी जुन्याच नंबरवर जातो. यूपीआय नव्याने सुरू करायलाही फोनमधले सिम आणि बँकेतला नंबर एकच असावा लागतो. आधारलाही तोच जुना नंबर होता. तो बदलण्यासाठी आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन अर्ज केला आहे, पण नोंद होईपर्यंत आधारचा ओटीपीही मिळणार नाही. तेव्हा माझी ओळख मूळ कागदपत्रे आणि सहीचा नमुना पाहून शाखेतच पडताळावी. त्यासाठी मी स्वतः हजर आहे. नंबर बदलल्यावर काही काळ व्यवहाराची मर्यादा कमी ठेवायची असल्यास माझी हरकत नाही.

पडताळणीचा फोन करायचा झाल्यास नव्या नंबरवरच करावा. या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्क्यासह पोच द्यावी, आणि जुना नंबर काढल्याचे माझ्या नोंदवलेल्या ई-मेलवर कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,

(सही)
वैशाली दिगंबर म्हात्रे
एसएस-२, रूम नं. ३४७, सेक्टर ६,
कोपरखैरणे, नवी मुंबई ४०० ७०९

सोबत : नंबर बदलण्याचा भरलेला फॉर्म, पॅन कार्ड व आधार कार्डाच्या सही केलेल्या झेरॉक्स (मूळ प्रती दाखवण्यासाठी आणल्या आहेत), पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, पोलीस तक्रारीची प्रत, आधार केंद्राची पावती, कंपनीचे सेवामुक्तीचे पत्र.