‘आपण तिथे होतो, मग?’ : पाऊण तासाच्या सत्राचा आराखडा

चाकणजवळच्या सुट्या भागांच्या कारखान्यासाठी. विषय : आपल्यासमोर कोणाला त्रास दिला जात असेल, तर बघणाऱ्याने काय करायचं. एका बॅचला १६ ते १८ जण, खुर्च्या गोलात. सत्र पगारी वेळेतच घ्यायचं. पाळी सुटल्यावर ठेवलं की सगळ्यांचं लक्ष कंपनीच्या बसकडे. सुपरवायझर आणि त्याच्या हाताखालची माणसं वेगळ्या बॅचमध्ये, नाहीतर बोलण्याआधी जो तो त्याच्या तोंडाकडे बघतो.

पहिली ५ मिनिटं : नियम
खऱ्या घटनेतलं नाव, विभाग, मशीन नंबर सांगायचा नाही. स्वतःचा अनुभव सांगायची सक्ती नाही. मोबाइल टोपलीत. कोणी उठून बाहेर गेलं तर कारण विचारायचं नाही. इथे बोललेलं ही तक्रार धरली जात नाही, हे स्पष्ट सांगा. तक्रार द्यायची असेल तर अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर फळ्यावर आधीच लिहिलेले असावेत.

१० मिनिटं : पाच वाटा
विषय बदलून प्रसंग मोडणं, दुसऱ्याला मदतीला बोलावणं, नोंद ठेवणं, नंतर त्रास झालेल्या व्यक्तीची विचारपूस करणं, सरळ टोकणं. टोकणं शेवटी सांगा. आधी सांगितलं तर उरलेल्या चार वाटा भित्र्यांच्या वाटतात.

२५ मिनिटं : प्रसंग
१. चहाच्या सुट्टीत एक सीनियर ऑपरेटर नव्या ट्रेनी मुलीच्या कपड्यांवर बोलतो. चौघे हसतात. पाचवे तुम्ही.
२. कँटीनमध्ये नव्या मुलाला आडनाव विचारतात, मग गाव, मग ‘म्हणजे नक्की कोण?’ डबा उघडून बसलेला तो गप्प होतो.
३. रात्री साडेबाराची बस. शेजारचा माणूस मुद्दाम रेलतोय, ती खिडकीकडे सरकतेय.

तिसऱ्यावर निम्मा वेळ द्या. ‘मी तर कानाखाली वाजवली असती’ हे उत्तर हमखास येतं. तेव्हा विचारा : उद्या त्याच बसमध्ये ती एकटी असेल, तेव्हा काय? मग कामाची उत्तरं निघतात : ‘ताई, इकडे पुढे या, जागा आहे’, ड्रायव्हरला आतला दिवा लावायला सांगणं, उतरल्यावर ‘मी पाहिलं, साक्ष द्यायला तयार आहे’ म्हणणं. तारीख, वेळ, बस नंबर आणि ऐकलेले शब्द त्याच रात्री लिहून ठेवायचे. व्हिडिओ तिला विचारल्याशिवाय कोणाला पाठवायचा नाही, ग्रुपवर तर नाहीच.

त्रास देणाऱ्याचं सोंग सहभागींना देऊ नका. तो टाळ्या घेतो आणि प्रसंगाचा तमाशा होतो. ती भूमिका सत्र घेणाऱ्याने करावी, दोन वाक्यांत.

शेवटची ५ मिनिटं : कायदा
२०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाची लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तिला तक्रार देणं शक्य नसेल, तर घटना माहीत असलेली व्यक्ती तिच्या लेखी संमतीने देऊ शकते. कँटीनचा दुसरा प्रसंग या समितीकडे जात नाही. तो एचआरकडे कोणाला सांगायचा, ते नाव त्याच फळ्यावर असू द्या.

जाताना प्रत्येकाने चिठ्ठीवर आपली एकच वाट लिहून खिशात ठेवायची. चिठ्ठ्या गोळा करू नका.