बिलातील 441 किलो चार्जेबल वजनाबद्दल हरकत

निपाणी, ता. 14 जुलै 2025

प्रति,
व्यवस्थापक, हवाई निर्यात व बिलिंग विभाग,
मुंबई कार्यालय

विषय : आपले बिल क्र. 1187, ता. 7 जुलै 2025. मुंबई ते फ्रँकफर्ट, कोल्हापुरी चपलांचे 18 कार्टन. चार्जेबल वजन 441 ऐवजी 325 किलो धरून क्रेडिट नोट मिळणेबाबत.

स. न. वि. वि.

वरील बिलात आपण 441 किलोवर भाडे लावले आहे. माल काट्यावर 237.6 किलो भरला, म्हणजे कार्टनमागे 13.2. चपला हलक्या आणि जागा खाणाऱ्या, त्यामुळे भाडे घनफळाच्या वजनावर बसणार हे आम्हाला मान्य आहे. वाद आहे तो ते वजन कसे काढले यावर. आमच्या हिशेबाने ते 325 किलो होते. 324 नव्हे, 325. एक किलो का वाढवला ते पुढे लिहिले आहे.

बिलावर मापे नाहीत, नुसता 441 हा आकडा आहे. आपल्याच हाऊस एअरवे बिलावर मात्र मापे 62 × 42 × 47 सेमी, नग 18, आणि चार्जेबल वजन 367.5 असे छापले आहे. एकाच मालाचे आपल्याच दोन कागदांवर दोन आकडे. दोन्ही तपासल्यावर दोन वेगळ्या चुका एकावर एक चढल्याचे दिसले.

पहिली चूक भाजकाची. 62 × 42 × 47 म्हणजे एका कार्टनचे 1,22,388 घन सेमी, अठरांचे 22,02,984. याला 6000 ने भागले की 367.16 येतात, वरच्या अर्ध्या किलोला नेले की 367.5. हाच आकडा एअरवे बिलावर आहे. त्याच घनफळाला 5000 ने भागले की 440.6, म्हणजे 441, आणि हा बिलावर आहे. 5000 चा भाजक एक्स्प्रेस कुरिअरवाले लावतात. आमचा माल साध्या हवाई कार्गोने गेला, आणि आपल्या 20 जूनच्या कोटेशनमध्ये ‘घनफळ वजन 1 : 6000’ असे स्पष्ट लिहिले आहे. बहुधा बिलिंगच्या संगणकात कुरिअरचा साचा निवडला गेला असावा. तसे असेल तर आपल्या इतर ग्राहकांची त्या आठवड्यातली बिलेही एकदा पाहून घ्यावीत.

जाता जाता एक गोष्ट. 441 खरे मानले तरी बिल चुकतेच. कोटेशनप्रमाणे 300 किलोच्या वर दर 185 रुपये आणि 500 च्या वर 150 रुपये. शिवाय इंधन अधिभार 42 आणि सुरक्षा 8, दोन्ही किलोमागे. 441 ला 235 ने गुणले की 1,03,635. तोच माल 500 किलोच्या टप्प्यात धरून, अधिभारही पूर्ण 500 वर लावले तरी 1,00,000 होतात. वरचा टप्पा स्वस्त पडत असेल तर तो लावायचा, हा या धंद्यातला साधा नियम आहे. तो पाहिला गेला नाही, म्हणजे हा आकडा कुणी हाताने पडताळलेला नाही.

दुसरी चूक मापाची. आमचे कार्टन बाहेरून 60 × 40 × 45 सेमी आहे, फाइव्ह प्लाय. आत 29 × 14 × 9.5 सेमीचे 24 डबे बसतात : लांबीला दोन, रुंदीला चार, उंचीला तीन थर. लांबीला 58, रुंदीला 38 आणि पुठ्ठ्याची जाडी, एवढ्यात कार्टन भरते. ते 62 × 42 असते तर डब्यांना लांबीत आणि रुंदीत दोन-अडीच सेमी जागा सुटली असती आणि निपाणीहून मुंबईपर्यंत डबे आत आपटत गेले असते.

मग 62 आणि 42 आले कुठून? आपल्या गोदामाने 27 जूनला माल उतरवताना पाठवलेल्या फोटोत उत्तर आहे. टेप एकाच कार्टनला लावली आहे, क्र. 7 ला. पावसासाठी गुंडाळलेले पॉलिथीन सैल होऊन कोपऱ्यावर गोळा झाले आहे. टेपचा हुक त्या गोळ्याला अडकवला आहे आणि दुसऱ्या टोकाला ती पट्टीच्या बकलवरून ओढली आहे. हे माप कार्टनचे नव्हे. पॉलिथीन सरकवून बकलच्या बाजूला टेप धरली असती तर 60 आणि 40 च दिसले असते.

उंचीचे 47 मात्र आम्ही नाकारत नाही. क्र. 7 मध्ये मोठ्या मापाचे जोड होते, वरचा थर फुगला आणि झाकण वर आले. फुगवटा असेल तर जास्तीत जास्त उंची धरायची हे आम्हाला ठाऊक आहे. पण ती त्या एका कार्टनची, अठरांची नव्हे. म्हणून :

17 कार्टन × 1,08,000 = 18,36,000 घन सेमी
कार्टन क्र. 7 : 60 × 40 × 47 = 1,12,800 घन सेमी
एकूण 19,48,800 ÷ 6000 = 324.8, म्हणजे 325 किलो

याला पुरावा आपणच पाठवलेल्या कागदांत आहे. विमानतळावरील कार्गो टर्मिनलच्या स्वीकृती पावतीवर घनफळ 1.95 घन मीटर नोंदले आहे. आमचा हिशेब 1.9488 चा. 62 × 42 × 47 खरे असते तर तिथे 2.20 दिसले असते.

रकमेचा हिशेब असा. आपण लावलेले भाडे व अधिभार 1,03,635, त्यावर 18 टक्के आयजीएसटी 18,654.30, एकूण 1,22,289.30 रुपये. योग्य रक्कम 325 × 235 = 76,375, आयजीएसटी 13,747.50, एकूण 90,122.50. फरक 32,166.80 रुपये. हा व्यवहार आम्ही फ्रँकफर्टपर्यंतचे भाडे आमच्याकडे ठेवून केला आहे, त्यामुळे फरक ग्राहकावर टाकता येत नाही. तो सरळ आमच्या नफ्यातून जातो.

वाद नसलेली रक्कम आम्ही अडवून ठेवलेली नाही. 90,122.50 आणि क्लिअरन्स, एक्स-रे व कागदपत्रांचे 6,450 असे 96,572.50 रुपये, नियमाप्रमाणे टीडीएस वजा करून, आज एनईएफटीने पाठवले आहेत.

27,260 रुपये मूल्य व 4,906.80 रुपये आयजीएसटीची क्रेडिट नोट, मूळ बिलाचा क्रमांक घालून, 21 जुलैपर्यंत द्यावी. नुसते ‘पुढच्या बिलात वळते करू’ चालणार नाही. आपण मूळ बिल जीएसटी रिटर्नमध्ये दाखवले की ते पूर्ण रकमेने आमच्या खात्यात दिसणार, आणि क्रेडिट नोट नसेल तर आमचा ताळमेळ बसणार नाही. आपल्याला आमचा हिशेब मान्य नसेल तर अठराही कार्टनची, क्रमांकवार मापे असलेली शीट पाठवावी. एका कार्टनचे माप गुणिले 18, हे उत्तर धरले जाणार नाही.

28 जुलैला आमचे 22 कार्टन आपल्या गोदामात येत आहेत. त्या वेळी प्रत्येक कार्टनचे माप पॉलिथीन बाजूला करून घ्यावे, कार्टन क्रमांक आणि टेप एकाच फोटोत दिसावी, आणि एअरवे बिल काढण्यापूर्वी चार्जेबल वजन आम्हाला व्हॉट्सअॅपवर कळवावे. आमच्याकडून फुगवटा टाळण्यासाठी मोठ्या मापाचे जोड यापुढे वेगळ्या, उंच कार्टनमध्ये भरले जातील आणि त्याचे माप पॅकिंग लिस्टवर स्वतंत्र दिले जाईल.

कळावे,
आपला,
प्रोप्रायटर, चप्पल निर्यात,
निपाणी, जि. बेळगाव

सोबत : 20 जूनचे कोटेशन, बिल क्र. 1187, हाऊस एअरवे बिल, टर्मिनलची स्वीकृती पावती, पॅकिंग लिस्ट, कार्टन क्र. 7 चा आपला फोटो, निपाणीत गाडी भरताना काढलेले अठराही कार्टनचे फोटो, एनईएफटीची पावती.